सरकारचे चाळीस वाढले, मग मामांचं मशीन का थांबलं? : वस्तुबाजार आणि पैशाच्या बाजाराचं गणित, पायरी पायरीनं

माझ्या मामांचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग घासून, भोकं पाडून, मापात आणून द्यायचं, एवढंच काम. मागं एकदा त्यांनी चाळीस लाखांचं सीएनसी मशीन घ्यायचं ठरवलं होतं. हिशेब वहीच्या पाठीमागच्या पानावर मांडला होता. मशीन आलं की पगार, वीज, हत्यारं आणि झीज वजा जाता वर्षाला तीन लाख ऐंशी हजार जादा हातात येतील. बँकेचा दर नऊ टक्के होता, म्हणजे पहिल्या वर्षाचं व्याज तीन लाख साठ हजार. परवडत होतं. कागदपत्रं जमेपर्यंत दर दहा टक्क्यांवर गेला आणि व्याज झालं चार लाख. मामा वही मिटून म्हणाले, "थांबूया की. दर खाली येऊ दे, मग बघू."

मी शहापुरात बीकॉम-बीएच्या मुलांची शिकवणी घेते. वस्तुबाजार आणि पैशाचा बाजार एकत्र सोडवायचा आयएस-एलएमचा धडा आला की मी फळ्यावर आधी मामांचं हे पान उतरवते, कारण पुस्तकातली `I = ३०० − २०r` ही ओळ म्हणजे असल्या शेकडो वह्यांची बेरीज आहे. दर एक टक्क्यानं चढला की कुणाकुणाचं मशीन, कुणाचा पॉवरलूम, कुणाचं गोडाऊन पुढं ढकललं जातं, आणि सगळं मिळून गुंतवणूक वीसनं घटते. हे डोळ्यासमोर ठेवलं तर पुढचं गणित पाठ करावं लागत नाही.

मराठी शाळेतून कॉलेजात आलेली मुलं एका शब्दापाशी हमखास अडखळतात, तो आधी बाजूला करू. बारावीच्या पुस्तकात आपण 'नाणेबाजार' शिकलेलो असतो: कॉल मनी, ट्रेझरी बिलं, अल्प मुदतीच्या कर्जाची देवघेव. इथं त्याचा संबंध नाही. इथला 'पैशाचा बाजार' म्हणजे एवढंच की लोकांना हातात आणि खात्यात किती पैसा ठेवावासा वाटतो, आणि मध्यवर्ती बँकेनं एकूण किती पैसा पुरवलाय. दोन्हींचा मेळ बसतो तो व्याजदर आपल्याला हवाय. कर्ज मागणारे आणि देणारे यांची गाठ घालणारा बाजार डोक्यात धरलात तर दुसऱ्या समीकरणाची चिन्हं उलटी पडतील.

पहिली पायरी: वस्तुबाजार

एक कल्पित देश घेऊ. त्याचं स्वतःचं चलन आहे, परदेशी व्यापार नाही आणि किमती सध्या स्थिर आहेत. आकडे कोटी रुपयांत, व्याजदर टक्क्यांत.

```
C = १०० + ०.७५ (Y − T)
I = ३०० − २०r
G = २५०
T = २००
```

Y हे उत्पन्न, C लोकांचा खर्च, I खाजगी गुंतवणूक, G सरकारी खर्च, T कर आणि r व्याजदर. पहिली ओळ सांगते की कर भरून उरलेल्या प्रत्येक रुपयातले पंचाहत्तर पैसे लोक खर्च करतात. वस्तुबाजारात समतोल म्हणजे जेवढा माल तयार झाला तेवढाच मागितला गेला, ना गोदामात साठून राहिला, ना तुटवडा पडला. म्हणून Y बरोबर C, I, G यांची बेरीज. घालून बघा:

```
Y = १०० + ०.७५Y − १५० + ३०० − २०r + २५०
०.२५Y = ५०० − २०r
Y = २००० − ८०r
```

शेवटची ओळ म्हणजे आयएस रेषा. दर चढला की गुंतवणूक घटते, म्हणून उत्पन्न घटतं. ८० च्या आधीचं ऋण चिन्ह तेच सांगतं. इथं दोन चुका मी दरवर्षी तपासते. पहिली, कराला ०.७५ नं गुणायचं विसरणं. T दोनशे असला तरी खर्चातून दीडशेच कमी होतात, कारण कर नसता तरी त्यातले पन्नास लोकांनी शिल्लकच टाकले असते. दुसरी, शेवटी ०.२५ नं फक्त ५०० ला भागणं आणि २०r तसंच सोडणं. मग `Y = २००० − २०r` असं काहीतरी होतं आणि पुढचं सगळं वाहून जातं.

दुसरी पायरी: पैशाचा बाजार

पगाराच्या आदल्या दिवशी मामा बँकेतून रोकड काढून आणतात. ऑर्डरी जास्त असल्या की पोरं जास्त, ओव्हरटाइम जास्त, म्हणून रोकडही जास्त लागते. उत्पन्न वाढलं की पैशाची गरज वाढते, ती अशी. उलट, व्याजदर चढा असेल तर पैसा नुसता पाडून ठेवणं महाग पडतं. माणूस गरजेपुरता ठेवतो आणि बाकीचा व्याज देणाऱ्या रोख्यात घालतो. दोन्ही गोष्टी एका ओळीत:

```
पैशाची मागणी  = ०.२५Y − २०r
पैशाचा पुरवठा = ३००
```

पुरवठा म्हणजे खरं तर पैसा भागिले किंमतपातळी. किमती स्थिर धरल्यात, म्हणून भागाकार १ नंच आहे असं समजू. दोन्ही बाजू बरोबर ठेवल्या की:

```
०.२५Y = ३०० + २०r
Y = १२०० + ८०r
```

ही एलएम रेषा. हिचं चिन्ह धन आहे. याचा अर्थ 'दर वाढला की उत्पन्न वाढतं' असा काही मुलं लावतात, तो चुकीचा आहे. वाचायचं ते असं: उत्पन्न वाढलं तर पैशाची मागणी वाढेल, पण पुरवठा तीनशेच आहे, तेव्हा तेवढ्यातच भागवायचं असेल तर दर चढून लोकांनी पैसा हातातून सोडायला हवा. ही जोडगोळी १९३७ साली जॉन हिक्स यांनी मांडली.

तिसरी पायरी: दोन्ही एकत्र, आणि ताळा

```
२००० − ८०r = १२०० + ८०r
१६०r = ८००
r = ५
Y = १६००
```

उत्तर आलं म्हणून थांबायचं नाही, ताळा करायचाच. दर ५ असताना गुंतवणूक ३०० − १०० म्हणजे २००. लोकांचा खर्च १०० + ०.७५ × १४०० म्हणजे ११५०. सरकारचे २५०. बेरीज १६००, जुळली. पैशाची मागणी ४०० − १०० म्हणजे ३००, तीही जुळली. एकच ताळा जुळून दुसरा जुळत नसेल तर चूक न जुळलेल्या बाजाराच्या समीकरणात शोधा, सगळी पानं पुन्हा चाळू नका.

व्याजदराच्या एककाचीही सवय इथंच लावून घ्या. आपण r टक्क्यांत धरलाय, म्हणून पाच म्हणजे ५. काही प्रश्नपत्रिकांत `I = ३०० − २०००r` असतं. तिथं पाच टक्के म्हणजे ०.०५. दोन्ही एकच सांगतात, पण घालमेल केली तर दर शेकडोंनी येतो. उत्तरात व्याजदर पाचशे टक्के दिसला तर वही उलटून एकक बघा.

चौथी पायरी: सरकारनं खर्च वाढवला

आता सरकार खर्च चाळीसनं वाढवून २९० करतं. कर तेवढाच, म्हणजे जादा पैसा रोखे विकून उभा केला. पैशाचा पुरवठा तीनशेच. फक्त आयएस रेषा बदलते:

```
०.२५Y = ५४० − २०r
Y = २१६० − ८०r

२१६० − ८०r = १२०० + ८०r
१६०r = ९६०
r = ६
Y = १६८०
```

उत्पन्न ऐंशीनं वाढलं आणि दर एका टक्क्यानं. गुंतवणूक ३०० − १२० म्हणजे १८०. आधी २०० होती. हे गेलेले वीस म्हणजेच क्राउडिंग आउट, सरकारी खर्चानं रेटून बाहेर काढलेली खाजगी गुंतवणूक. ताळा करा: खर्च १०० + ०.७५ × १४८० म्हणजे १२१०, अधिक १८०, अधिक २९०, बरोबर १६८०. पैसा ४२० − १२० म्हणजे ३००.

आकडे आले, पण हे घडलं कसं ते सांगता आलं पाहिजे. निम्मे मार्क तिथंच असतात आणि खरं आकलनही तिथंच आहे. बहुतेक मुलं लिहितात, 'सरकारनं कर्ज उचललं, बँकेत पैसा उरला नाही, म्हणून दर वाढला.' ऐकायला पटतं, पण या दोन समीकरणांत तसं कुठंही लिहिलेलं नाही. पैशाच्या समीकरणात G नाहीच, बघा. सरकारनं रोखे विकून घेतलेला पैसा खर्च होऊन पुन्हा लोकांच्याच हातात येतो. दर चढतो तो दुसऱ्या वाटेनं.

सरकारनं रस्त्याचं काम काढलं. ठेकेदाराला, गवंड्यांना, खडी-सिमेंटवाल्यांना पैसे मिळाले, त्यांनी दुकानात खर्च केले, दुकानदारानं पुढं. उत्पन्न वाढत चाललं. उत्पन्न वाढलं तशी रोजच्या व्यवहाराला लागणारी रोकडही वाढली. पण मध्यवर्ती बँकेनं जादा पैसा सोडलेला नाही. मग ज्याला रोकड हवी तो आपल्याकडचे रोखे विकायला काढतो. सगळेच विकायला निघाले की रोख्याची किंमत पडते. दरसाल पाच रुपये देणारा, मुदत नसलेला रोखा शंभराला मिळत होता, म्हणजे दर पाच टक्के. तोच त्र्याऐंशी रुपयांच्या आसपास मिळायला लागला की त्याच पाच रुपयांवर दर सहा टक्के पडतो. रोख्यावर सहा मिळत असताना कर्ज पाच टक्क्यानं कोण देईल? बँकेचा दर चढतो आणि मामांची वही मिटते.

म्हणून लिहिताना क्रम असा ठेवा: सरकारी खर्च, त्यामुळं उत्पन्न, त्यामुळं पैशाची मागणी, त्यामुळं रोख्यांची विक्री आणि दर, त्यामुळं गुंतवणूक. एकही कडी गाळू नका.

किती बाहेर गेलं, हे मोजायचं कसं

इथं तीन आकडे एकमेकांत मिसळतात. दर पाचलाच अडकून राहिला असता तर चाळीसाला गुणक चार लागून (१ भागिले ०.२५) उत्पन्न १६० नं वाढलं असतं. वाढलं ऐंशीनंच. मधले ऐंशी का गळाले? गुंतवणूक वीसनं घटली आणि त्या विसालाही तोच गुणक चार लागला, म्हणून. तेव्हा प्रश्न 'गुंतवणूक किती बाहेर गेली' असा असेल तर उत्तर २०, आणि 'उत्पन्नातली किती वाढ गमावली' असा असेल तर ८०. प्रश्न नीट वाचा.

आणि एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण क्राउडिंग आउट म्हटलं की सरकारी खर्च फुकट गेला असंच पुष्कळांना वाटतं. लोकांचा स्वतःचा खर्च या उदाहरणात ११५० वरून १२१० झाला, म्हणजे साठनं वाढला. गुंतवणूक वीसनं घटली. खाजगी खर्च एकूण धरला तर चाळीसनं वाढलाच आहे. बदलली ती खर्चाची जात: दुकानातली खरेदी वाढली, मशीन कमी झाली. उद्या उत्पादन किती करता येईल हे मशीनवर ठरतं, म्हणून ती घट वाईटच. पण सरकारनं त्याच चाळिसात उद्यमबागेतला रस्ता आणि वीज नीट केली असेल, तर मामांच्या त्या तीन लाख ऐंशी हजारांत भर पडून दहा टक्क्यांतही मशीन परवडू शकेल. या समीकरणांत ते दिसत नाही, कारण इथं G म्हणजे कशावर खर्च झाला याची नोंदच नाही.

मग कधी जास्त बाहेर जातं? एकच आकडा हलवून बघू. समजा लोक व्याजदराकडं फारसं बघतच नाहीत, रोकड लागते तेवढी लागतेच. पैशाची मागणी `०.२५Y − ५r` करा, आणि सुरुवात त्याच ठिकाणाहून व्हावी म्हणून पुरवठा ३७५ धरा. r ५ आणि Y १६०० हे आधीचंच उत्तर येतं, करून बघा. आता G चाळीसनं वाढवा:

```
Y = २१६० − ८०r
Y = १५०० + २०r
१००r = ६६०
r = ६.६
Y = १६३२
```

गुंतवणूक ३०० − १३२ म्हणजे १६८. बत्तीस बाहेर गेले आणि उत्पन्न जेमतेम बत्तीसनंच वाढलं. लोक रोकड सहजी सोडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून ती काढून घ्यायला दर फार चढावा लागतो. ५r मधला ५ शून्य केला तर, Y आडव्या आणि r उभ्या अक्षावर घेतलेल्या चित्रात एलएम उभी होते, उत्पन्न हलतच नाही आणि चाळीसच्या चाळीस बाहेर जातात. गुंतवणूकदार दराला घाबरत नसले, म्हणजे २०r च्या जागी २r असलं, तर उलट होतं. तेवढं तुम्ही स्वतः सोडवा.

रिझर्व्ह बँक आडवी आली तर

आपण पुरवठा तीनशेवर गोठवून ठेवला होता. भारतात रिझर्व्ह बँक तसं करत नाही. २०१६ पासून पतधोरण समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीचा पैसा देते तो दर, ठरवते, आणि तो दर बाजारात टिकावा म्हणून पैसा कमी-जास्त होऊ दिला जातो. आपल्या कल्पित देशात मध्यवर्ती बँकेनं दर पाचलाच धरून ठेवायचं ठरवलं असं समजा. मग G २९० झाल्यावर Y १७६० होईल आणि पैशाची मागणी ४४० − १०० म्हणजे ३४०. बँकेनं पुरवठा तीनशेवरून तीनशेचाळीस करायचा. दर हलला नाही, गुंतवणूक दोनशेच राहिली, क्राउडिंग आउट शून्य. चित्रात एलएम रेषा आडवी होते.

कोविडचं वर्ष आठवा. २०२०-२१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट देशाच्या उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांवर गेली. नुसतं आपलं पहिलं गणित धरलं तर दर भडकायला हवा होता. पण मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता आणि तो तिथंच राहिला. कारखाने बंद होते, मागणी नव्हती, आणि बँक पैसा सोडत होती. पुढं महागाई वाढली तेव्हा २०२२ च्या मे महिन्यापासून दर चढवत नेला, तो फेब्रुवारी २०२३ ला ६.५ टक्के झाला. बँक कायम दर धरून बसेलच असं नाही. किमती चढायला लागल्या की तीच दर वाढवते, आणि गुंतवणूक तेव्हा मागं हटते. म्हणून वर्तमानपत्रात तुटीचा आकडा बघून लगेच 'खाजगी गुंतवणूक गेली' म्हणू नका. त्या वर्षी रेपो काय होता आणि महागाई कुठं होती, ते आधी बघा.

बेळगावची एलएम काढू नका

एका मुलीनं सेमिनारसाठी विषय घेतला होता: बेळगावजवळ हलग्याला कर्नाटक विधिमंडळाची सुवर्ण विधानसौध झाली, एवढा सरकारी खर्च आला, त्यामुळं बेळगावातली खाजगी गुंतवणूक बाहेर फेकली गेली का? इमारतीचं उद्घाटन २०१२ साली झालं, बहुतेक वर्षी तिथं अधिवेशन भरतं, म्हणजे विषय डोळ्यासमोरचा. तिनं आयएस काढली, एलएम काढली, बेळगावचा दर वाढवून दाखवला. मेहनत मनापासून केली होती, म्हणून मी तिच्याबरोबर बसून ते सगळं पान पुन्हा मांडलं.

बेळगावला स्वतःचं चलन नाही. निपाणीचा व्यापारी, खानापूरचा वीटभट्टीवाला, पलीकडं चंदगड-गडहिंग्लजचा साखरेचा माणूस, सगळे एकाच रुपयात आणि देशभर चालणाऱ्या दराच्या आसपास कर्ज घेतात. हलग्याच्या खर्चानं देशातली पैशाची मागणी जी वाढते ती नगण्य, म्हणून जिल्ह्यापुरती एलएम आडवीच. आयएस उजवीकडं सरकली, दर तोच, व्याजाच्या वाटेनं इथलं काहीच बाहेर गेलं नाही. उलट बेळगावात दर चढतो तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा दिल्लीच्या तुटीत किंवा मुंबईच्या पतधोरणात असतं. मामांच्या एक टक्क्याचं उत्तरही तिकडंच शोधावं लागतं.

तिच्या प्रश्नात तथ्य मात्र होतं, ते वेगळ्या जागी. मोठं सरकारी काम निघालं की सेंटरिंगवाले, गवंडी, वाळू, डंपर तिकडं वळतात. ज्याला त्याच वेळी स्वतःची शेड बांधायची असते त्याला मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर मजुरी चढी सांगतो. हेही खाजगी गुंतवणूक मागं हटणंच आहे, पण ते मजुरीतून आणि मालाच्या भावातून होतं, व्याजातून नाही. आपण किमती स्थिर धरून हा दरवाजा पहिल्याच पायरीला लावून घेतला होता. तिला मी सांगितलं की समीकरणं बाजूला ठेव आणि त्या काळात शेड बांधलेल्या चार-पाच जणांकडं मजुरीची जुनी वही मागून बघ. पुढच्या रविवारी ती उद्यमबागेत गेली, आणि पहिली वही तिनं मामांकडंच मागितली.